एकाच खरेदीचे पैसे क्रेडिट कार्डातून दोनदा गेले तर : पुराव्यासह चार्जबॅक कसा मागायचा

दिवाळीच्या आधीचा रविवार, नाशिकच्या महात्मा गांधी रोडवरचं घरगुती उपकरणांचं दुकान, काउंटरवर रांग. 18,640 रुपयांचं बिल आहे. दुकानदार कार्ड मशीनला लावतो, तुम्ही पिन टाकता, पडद्यावरचं चक्र फिरत राहतं आणि मशीन ‘नो रिस्पॉन्स’ दाखवून थांबतं. तो म्हणतो, "नेटवर्क गेलं, परत करू." दुसऱ्या वेळी स्लिप निघते. घरी येऊन ॲप उघडलं की 18,640 च्या दोन नोंदी दिसतात, एक 7.42 ची आणि एक 7.46 ची. तारीख 12 ऑक्टोबर धरू. हे उदाहरण कल्पित आहे, पण गर्दीच्या दिवसांत दुकानात पैसे दोनदा जातात ते बहुतेक वेळा असेच.

चार्जबॅक म्हणजे आपल्या बँकेमार्फत दुकानदाराच्या बँकेकडून पैसे परत मागणं. हा सगळा खटाटोप एकाच गोष्टीसाठी करायचा असतो. दोन्ही नोंदी एकाच विक्रीच्या आहेत हे अशा माणसाला पटवायचं, ज्याने ते दुकान पाहिलेलं नाही आणि तुम्हालाही पाहिलेलं नाही. बँकेच्या पडद्यावर दोन व्यवहार दिसतात, दोन्हींना योग्य पिन, दोन्ही मंजूर. त्याच दुकानातून त्याच किमतीचे दोन मिक्सर कुणी घेऊच शकत नाही असं नाही. म्हणून "माझे पैसे दोनदा कापले, परत करा" एवढ्या ओळीवर काम होत नाही.

आधी पाहा, पैसे खरंच गेलेत का

क्रेडिट कार्डाचा व्यवहार दोन टप्प्यांत होतो. पहिल्यात बँक मंजुरी देते आणि तेवढी मर्यादा अडवून ठेवते. दुसऱ्यात दुकानदाराची बँक दिवसभराचे व्यवहार एकत्र करून पैसे मागते, तेव्हा नोंद तुमच्या खात्यावर पक्की बसते. मोबाइलवर येणारा संदेश पहिल्या टप्प्याचा असतो. त्यामुळे दोन संदेश आले म्हणजे पैसे दोनदा गेलेच असं नाही. मशीन अडकलं की ते पुढच्या व्यवहाराच्या वेळी आधीचा रद्द करण्याचा संदेश पाठवतं. तो नीट पोहोचला तर अडवलेली मर्यादा सुटते आणि जादाची नोंद स्टेटमेंटमध्ये येतच नाही.

तो संदेश हरवला किंवा उशिरा पोहोचला की ही जादाची नोंद पक्की होते. ॲपमध्ये ‘पेंडिंग’ आणि ‘पोस्टेड’ वेगळे दाखवत असतील तर तिथे कळतं. नसतील तर कस्टमर केअरला नेमका हाच प्रश्न विचारा : "ही नोंद सेटल झाली आहे की फक्त ऑथोरायझेशन आहे?" नोंद पक्की होईपर्यंत चार्जबॅक करताच येत नाही. ‘थोडे दिवस थांबा’ असं बँक म्हणते ते दर वेळी टाळण्यासाठी नसतं.

थांबायचं किती, यालाही नियम आहे. रिझर्व्ह बँकेच्या 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार, पैसे कापले गेले पण दुकानातल्या मशीनवर चार्ज स्लिप निघाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसापासून पाच दिवसांत ती रक्कम आपोआप परत यायला हवी. पुढे उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई. आपल्या उदाहरणात पहिल्या वेळी स्लिप निघालीच नव्हती, म्हणजे 17 ऑक्टोबरपर्यंत नोंद उलटायला हवी. ती 27 तारखेला उलटली तर 1,000 रुपये भरपाई होते. तक्रारीत या परिपत्रकाचा तारखेसह उल्लेख करा. मात्र दोन्ही वेळा स्लिप निघाली असेल तर हा नियम पुढे करू नका, तो प्रकार वेगळा आहे.

हे पाच दिवस पुरावे जमवायला वापरायचे.

स्लिपवरचे आकडे

थर्मल कागदावरची स्लिप काही महिन्यांत पांढरी पडते. पाकिटात कार्डाशी घासली गेली की त्याहून लवकर. लॅमिनेशन करायला देऊ नका, उष्णतेने पूर्ण कागद काळा होतो. त्याच दिवशी सपाट ठेवून, सावली न पडता फोटो काढा, चारही कडा दिसू द्या.

स्लिपवर दुकानाच्या नावाखाली `MID` आणि `TID` असतात : पहिला दुकानदाराचा क्रमांक, दुसरा त्या मशीनचा. पुढे `BATCH NUM`, `INV NUM`, मग `APPR CODE` आणि `RRN`. `APPR CODE` हा सहा अक्षरी मंजुरी क्रमांक तुमच्याच बँकेने दिलेला असतो. `RRN` हा त्या व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक.

यातला `APPR CODE` सर्वांत कामाचा आहे. दोन्ही नोंदींचा मंजुरी क्रमांक एकच निघाला, तर मंजुरी एकदाच दिली होती आणि पैसे दोनदा मागितले गेले. दुकानदाराच्या बँकेकडून तोच व्यवहार दोनदा पाठवला गेला की असं होतं. इथे वाद घालायला फारशी जागाच नसते आणि तक्रार लवकर सुटते. क्रमांक वेगळे असतील, उदाहरणार्थ 041736 आणि 052918, तर कार्ड खरंच दोनदा चाललं आहे. आपलं उदाहरण या दुसऱ्या प्रकारातलं. इथे दुकानदार ‘या दोन वेगळ्या विक्री आहेत’ असं म्हणू शकतो, म्हणून त्याच्या बिलाला महत्त्व येतं.

तुमच्याकडे स्लिप एकच आहे. स्लिप नसलेल्या नोंदीचे क्रमांक कस्टमर केअरकडून मागून घ्या. नोंद पक्की झाल्यावर तिला 23 आकडी `ARN` मिळतो, तोही मागा. दुकानदाराची बँक तिच्याकडची नोंद या क्रमांकावरून शोधते. फोनवरचा माणूस "आमच्याकडे दिसत नाही" म्हणाला तर ईमेलने मागा. पाठीमागच्या विभागाला तो दिसतो.

दुसऱ्याच दिवशी दुकानात

चार्जबॅकच्या जवळपास प्रत्येक फॉर्मवर विचारतात, व्यापाऱ्याशी संपर्क केला का आणि तो काय म्हणाला. ते नुसतं सोपस्कार म्हणून नसतं. शिवाय दुकानदाराने मनावर घेतलं तर काम तिथेच संपतं.

त्याच दिवशी, मशीनचा हिशेब बंद होण्याआधी लक्षात आलं, तर मशीनमध्ये नोंद असलेला जादाचा व्यवहार तो स्वतः ‘व्हॉइड’ म्हणजे रद्द करू शकतो. हिशेब बंद झाल्यावर मात्र त्याला आपल्या बँकेमार्फत रिफंड करावा लागतो. रिफंड त्याच कार्डावर घ्या. "पुढच्या खरेदीत वळते करून देतो" किंवा क्रेडिट नोट, दोन्ही नाकारा. ते एकदा स्वीकारलं की ‘ग्राहकाशी मिटलं’ असं सांगायला दुकानदार मोकळा होतो. रोख पैसे घेतले असतील तर विषय तिथेच संपला. त्यानंतर चार्जबॅक मागणं ही सरळ लबाडी ठरते.

दुकानदाराचं नेहमीचं उत्तर असतं, "आमच्या खात्यात एकदाच आले." बहुतेकदा तो खरं बोलत असतो, कारण पहिल्या व्यवहाराची स्लिपच निघाली नसल्याने त्याच्या मशीनच्या अहवालातही तो नसतो. त्याच्याशी भांडू नका. तेवढंच वाक्य लिहून मागा. लेटरहेडवर चार ओळी पुरतात :

"दि. 12 ऑक्टोबर रोजी आमच्या दुकानातून बिल क्र. (…) नुसार रु. 18,640 ची एकच विक्री झाली. त्या विक्रीची रक्कम मंजुरी क्र. 052918 च्या व्यवहाराने आम्हाला मिळाली आहे. मंजुरी क्र. 041736 च्या व्यवहारापोटी आम्ही कोणताही माल दिलेला नाही. ती रक्कम ग्राहकाच्या कार्डावर परत करण्यास आमची हरकत नाही."

खाली `MID`, `TID`, शिक्का, सही, तारीख. हे पत्र हातात आलं तर बाकी सारे पुरावे दुय्यम. दुकानदार लिहून देत नसेल तर घरी येऊन त्याच्या व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर स्वतः लिहा : "आज सकाळी दुकानात भेटलो, तुम्ही रक्कम एकदाच मिळाल्याचं सांगितलं, कृपया खात्री करून कळवा." त्याने ‘हो’ एवढं लिहिलं तरी पुरावा झाला. काहीच उत्तर आलं नाही, तरी संपर्क केल्याचा पुरावा उरतोच. आठवडाभर वाट पाहा, त्याहून जास्त नाही. "सेठ बाहेरगावी आहेत" हे सणानंतर महिनाभरही ऐकायला मिळतं, आणि तुमची मुदत तोवर संपत जाते.

मुदत

व्हिसाच्या नियमांत या प्रकाराची मुदत व्यवहार खात्यावर बसल्यापासून 120 दिवस आहे. मास्टरकार्डची मुदत याहून कमी धरून चालणं बरं. ही मुदत बँकेने व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या नेटवर्ककडे दावा टाकण्याची असते, तुम्ही फॉर्म देण्याची नाही. म्हणून बँका आपल्या अटींमध्ये ग्राहकाला 30 किंवा 60 दिवसच देतात. स्टेटमेंट आल्यावर बघू, असं करू नका.

फॉर्म भरताना

शाखेत खेटे घालण्यात वेळ जातो. कार्डाचं काम वेगळ्या विभागाकडे असतं आणि नाशिकच्या शाखेतला अधिकारीही शेवटी तोच टोल फ्री क्रमांक देतो. ॲपमधल्या ‘डिस्प्यूट’ पर्यायातून किंवा कार्डाच्या मागे दिलेल्या क्रमांकावरून तक्रार नोंदवा आणि सर्व्हिस रिक्वेस्ट क्रमांक लिहून घ्या. क्रमांक गूगलवर शोधू नका, तिथे बनावट कस्टमर केअर टपलेले असतात. यानंतर बँक डिस्प्यूट फॉर्म पाठवते. तो भरून, सही करून, पुराव्यांसह ईमेल करायचा.

फॉर्मवर कारणांची यादी असते. बहुतेक प्रकरणं इथे बिघडतात. रागाच्या भरात लोक ‘हा व्यवहार मी केलेला नाही’ या रकान्यात खूण करतात. ती फसवणुकीची तक्रार असते. बँक लगेच कार्ड बंद करते आणि चौकशीत पाहते तर पिन बरोबर, दुकान तेच, चार मिनिटांच्या अंतराने केलेला दुसरा व्यवहार तुम्ही स्वतःच मान्य करता. दावा फेटाळला जातो. तेच प्रकरण पुन्हा योग्य कारणाखाली उघडायचं म्हणजे नव्याने भांडण. खूण ‘डुप्लिकेट बिलिंग’ किंवा ‘एकाच व्यवहाराची दोनदा आकारणी’ या रकान्यात हवी. व्हिसाच्या व्यवस्थेत याचा कोड 12.6.1 आहे, मास्टरकार्डमध्ये तो 4834 खाली येतो. मेलमध्ये हा कोड लिहिला तर चालतो, पण न लिहिल्याने काही अडत नाही.

याच्याशी मिळताजुळता दुसरा प्रकार आहे. कार्ड अडकलं म्हणून तुम्ही यूपीआयने किंवा रोख पैसे दिले आणि नंतर कार्डाचीही नोंद पक्की झाली. याचं कारण ‘दुसऱ्या मार्गाने पैसे दिले’ हे, व्हिसामध्ये 12.6.2. इथे यूपीआयची पावती आणि तिच्यावरचा बारा आकडी संदर्भ क्रमांक हवा. रोख दिले असतील तर बिलावर ‘रोख मिळाले’ असं लिहून घेतलेलं असेल तरच दावा उभा राहतो.

फॉर्मसोबतचं निवेदन छोटं ठेवा. मनस्ताप, दिवाळी, आधीच्या तक्रारी यातलं काही नको. इंग्रजीत पाठवणार असाल तरी क्रम हाच ठेवा :

"माझ्या (शेवटचे चार आकडे) कार्डावर दि. 12 ऑक्टोबर रोजी नाशिक येथील एकाच दुकानाच्या, रु. 18,640 च्या दोन नोंदी आहेत. मंजुरी क्र. 052918 चा व्यवहार मला मान्य आहे. मंजुरी क्र. 041736 चा व्यवहार मला मान्य नाही, कारण तो त्याच खरेदीची दुसऱ्यांदा झालेली आकारणी आहे. त्या वेळी मशीनवर स्लिप निघाली नव्हती. दुकानातून मी एकच वस्तू घेतली, बिल सोबत आहे. दि. 13 रोजी दुकानदाराशी संपर्क केला, त्याचं पत्र सोबत आहे. कृपया डुप्लिकेट प्रोसेसिंग या कारणाखाली चार्जबॅक दाखल करावा."

कोणता व्यवहार मान्य आणि कोणता अमान्य हे क्रमांकासह वेगळं लिहिणं अत्यंत गरजेचं आहे. दोन्हींवर बोट ठेवलं की बँक अर्ज परत पाठवते. स्लिप निघाली तो व्यवहार मान्य करा, स्लिप नसलेला नाकारा.

सोबत जोडायचं ते एवढंच : जीएसटी बिल, निघालेली स्लिप, दोन्ही नोंदी दिसणारं स्टेटमेंटचं पान, दुकानदाराचं पत्र किंवा त्याच्याशी झालेला संवाद. बिलावर वस्तूचा सीरियल नंबर असेल तर त्याभोवती गोल करा. एकाच सीरियल नंबरचा मिक्सर दोनदा विकता येत नाही, आणि दुकानदाराने उलटून वाद घातला तर हाच मुद्दा सर्वांत भारी पडतो. सगळं एका पीडीएफमध्ये, पानांना क्रमांक देऊन. कार्डाचे मधले आकडे झाका. सीव्हीव्ही, पिन किंवा ओटीपी कोणताही खरा अधिकारी मागत नाही.

दरम्यान बिलाचं काय

समजा 25 ऑक्टोबरला स्टेटमेंट आलं, एकूण 46,200 रुपये, भरायची शेवटची तारीख 14 नोव्हेंबर. त्यात वादाचे 18,640 आहेत. ते वगळून 27,560 भरावेत असं मनात येणं साहजिक आहे. पण बँकेने ती रक्कम बाजूला ठेवल्याचं लेखी कळवलेलं नसेल तर यंत्रणेच्या दृष्टीने तुम्ही बिल अर्धवट भरलं. मग व्याजमुक्त मुदत जाते. महिन्याला साडेतीन टक्के दर धरला तर 18,640 वर एका महिन्याचं व्याज 652 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी धरून सुमारे 770. शिवाय पुढच्या महिन्यातल्या नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज चढतं.

म्हणून तक्रारीसोबतच लेखी विचारा, वादातल्या रकमेपुरतं तात्पुरतं क्रेडिट देणार का. दिलं तर उरलेली रक्कम भरा. नकार आला, किंवा शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधीपर्यंत उत्तर नाही आलं, तर ऐपत असल्यास पूर्ण भरा. भरल्याने दावा कमकुवत होत नाही. भरणं शक्यच नसेल तर किमान देय रक्कम तरी चुकवू नका. वाद प्रलंबित असताना थकबाकीची माहिती सिबिलसारख्या संस्थांना कळवताना बँकेने विशेष काळजी घ्यावी आणि वाद मिटल्यावरच ती कळवावी असं रिझर्व्ह बँकेचे निर्देश सांगतात, पण आपोआप चालणाऱ्या यंत्रणेकडून चूक झाली तर ती दुरुस्त करून घेण्यात महिने जातात.

या काळात "18,640 चा व्यवहार सोप्या हप्त्यांत करा" असा संदेश हमखास येतो. वादातल्या नोंदीवर तो पर्याय चुकूनही निवडू नका. हप्ते सुरू केले म्हणजे व्यवहार मान्य केला असाच अर्थ निघतो.

दुकानदाराने उत्तर दिलं तर

दावा नेटवर्कमार्फत दुकानदाराच्या बँकेकडे जातो. तिला उत्तराला साधारण 30 ते 45 दिवस मिळतात. उत्तर आलं नाही किंवा तिने मान्य केलं तर तात्पुरतं क्रेडिट कायम होतं. उत्तर आलं की बँक ते क्रेडिट काढून घेते आणि तुम्हाला कळवते. इथे लोक हार मानतात, पण खरं काम इथे सुरू होतं. दुकानदाराने नेमकं काय पाठवलं त्याची प्रत मागा.

त्याने दोन स्लिपा पाठवल्या असतील तर त्यातून फक्त कार्ड दोनदा चाललं एवढंच दिसतं, आणि ते तुम्ही नाकारतच नाही. विक्री दोनदा झाली हे दाखवायला दोन बिलं लागतात. तसं लिहा : "दुसऱ्या विक्रीचं बिल आणि माल दिल्याची नोंद दाखवावी." त्याने दोन बिलं पाठवली असतील तर बिल क्रमांक, वेळ आणि सीरियल नंबर ताडून पाहा. उत्तरासाठी बँक तुम्हाला मोजकेच दिवस देते, तारीख विचारून घ्या.

मध्येच दुकानदाराने स्वतःहून रिफंड केला तर तेवढ्याच रकमेच्या दोन जमा दिसतील. बँकेला लगेच कळवा, नाहीतर काही आठवड्यांनी ती रक्कम पुन्हा वजा होते आणि हिशेब कुणालाच लागत नाही.

बँक दाद देत नसेल तर

बिलावर हरकत घेतल्यापासून जास्तीत जास्त 30 दिवसांत बँकेने खुलासा आणि गरज असेल तिथे कागदपत्रं द्यायची असतात. "व्यवहार यशस्वी होता, म्हणून तक्रार बंद" हा त्या अर्थाने खुलासा नाही, कारण व्यवहार यशस्वी नव्हता असं तुम्ही म्हटलेलंच नाही. असं उत्तर आलं तर बँकेच्या वेबसाइटवर दिलेल्या नोडल किंवा मुख्य तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तोच पीडीएफ आणि तोच सर्व्हिस रिक्वेस्ट क्रमांक पाठवा. नवी तक्रार उघडू नका, नाहीतर 30 दिवसांची मोजणी नव्याने सुरू झाल्याचं सांगतात.

पहिल्या तक्रारीपासून 30 दिवसांत उत्तर नाही, किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर तक्रार करता येते. शुल्क नाही, वकील लागत नाही. तिथे मागणी नेमकी लिहा : 18,640 रुपये परत, त्यावर लागलेलं व्याज आणि जीएसटी परत, आणि 18 ऑक्टोबरपासून रक्कम परत मिळेपर्यंत दिवसाला 100 रुपये भरपाई.

दुकानदार बनवाबनवी करत असल्याचं दिसलं तर त्याच्याविरुद्ध राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आणि पुढे नाशिकचा जिल्हा ग्राहक आयोग हा वेगळा मार्ग आहे. तिथे तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. पण एक विषय एका वेळी एकाच ठिकाणी न्या. आयोगात प्रकरण चालू असेल तर लोकपाल तेच प्रकरण घेत नाही.